सुनेने राजीनामा मागे घेतला

माझ्या सुनेने नोकरी सोडली आणि मग सोडली नाही. पुढे काय झालं ते लिहिते आहे, कारण आता पाड्यात कुणाला दुसरीकडून बोलावणं आलं आणि जुन्या मालकाने पगार वाढवतो म्हटलं, की ती बाई माझ्याकडे येऊन बसते. दर वेळी तेच सांगायचा कंटाळा येतो.

माझं माहेर गंजाडचं, सासर वेवजीचं. शाळा चौथीपर्यंत. लग्नानंतर आम्ही दोघं डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात लागलो आणि तिथेच खोली घेऊन राहिलो. कारखान्याचं काम सुटलं तेव्हा वेवजीला परत आले. आता थोडी भाजी करते आणि सकाळी फाट्यावर विकायला बसते. त्यामुळे कोण कुठल्या गाडीत चढतं आणि कोण चढत नाही हे मला बसल्या जागी दिसतं.

वेवजीहून हद्द ओलांडली की गुजरात. तिकडे कंपन्या आहेत आणि आमच्या पाड्यातल्या बायका तिकडेच जातात. कंपनीची गाडी सकाळी फाट्यावर येते, एका पाड्याच्या बायका एका गाडीत बसतात आणि एकाच लाइनीवर उभ्या राहतात. सून पेनाच्या कंपनीत होती. पेनात रिफिल घालायची, टोपण लावायचं, कागदावर रेघ मारून बघायची आणि दहा-दहाची पाकिटं भरायची. सुरुवातीला ती हेच करायची. बारावी झालेली आहे, हिंदी-गुजराती दोन्ही बोलते, म्हणून तिला त्या लाइनीची सुपरवायझर केलं.

लाइन सांभाळणं म्हणजे काय ते मॅनेजरला कळत होतं, पण पूर्ण कळत नव्हतं. आमच्याकडे भाताची लावणी आली की बायका कामावर जात नाहीत. शेत छोटं का असेना, स्वतःचं असतं, आणि एकमेकींच्या शेतावर जायचा शब्द दिलेला असतो. दुसऱ्या लाइनी त्या दिवसांत अर्ध्या रिकाम्या पडायच्या. सुनेची पडत नसे. कुणाची लावणी कधी आहे हे तिला ठाऊक असायचं. आज हिची, परवा तिची, असं ती बायकांमध्ये बसून ठरवून घ्यायची. एखादी ऐकत नसेल तर तिच्या सासूशी बोलायची. कधी मीसुद्धा जाऊन बोलले आहे. कंपनीला फक्त एवढं दिसायचं, की या लाइनीचा माल वेळेवर निघतो.

तिचं कंपनीशी वाजलं ते उभं राहण्यावरून. त्या कंपनीत पॅकिंग उभ्यानेच करायचं. बसलं की झोप येते असं मॅनेजरचं म्हणणं. माझ्या सुनेच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या आणि लाइनीतल्या दोघी-तिघींचंही तेच होतं. तिने स्टुलं मागितली. एकदा मागितली, पुन्हा मागितली. "ऑर्डर संपू दे, बघू," असं उत्तर मिळालं. ऑर्डर काही संपत नाही, संपली तर कंपनीच बंद होईल.

तेवढ्यात जवळच दुसरी कंपनी सुरू झाली, प्लास्टिकच्या डब्यांची. तिथे टेबलाशी बसून काम. त्यांना सुपरवायझर हवी होती आणि तिच्याबरोबर बायकाही हव्या होत्या. सून एका रविवारी जाऊन भेटून आली. त्यांनी ऑफर लेटर दिलं. पगार थोडा जास्त होता. जुन्या कंपनीत महिन्याची नोटीस द्यावी लागते असं तिने सांगितलं. ते म्हणाले, चालेल, एक तारखेला या, आम्ही गाडी पाठवतो.

आता इथे तिने जे केलं ते आमच्याकडची कुठलीही बाई करेल. कंपनीत राजीनामा द्यायच्या आधी तिने पाड्यात सांगितलं. संध्याकाळी आमच्या ओट्यावर सगळ्या जमल्या.

"वहिनी जाणार तर मी इथे राहून काय करू? त्या मॅनेजरचं तोंड बघू?" असं म्हणाली ती कोपऱ्यावरच्या घरातली. तिला मी इथे कोपऱ्यावरचीच म्हणते. बोलायला फटकळ, कामाला सगळ्यांत जलद.

"तिकडे खरंच बसायला देतात?" दुसरीने विचारलं.

"पाठ टेकायची खुर्ची आहे," सून म्हणाली.

"मग मी झोपणारच. मॅनेजर खरं तेच बोलत होता."

सगळ्या हसल्या. मग एकेकीने आपण येणार म्हणून सांगितलं. या बायका ठेकेदाराच्या नावावर कामाला. त्यांना राजीनामा लिहायचा नसतो, जायचं थांबवलं की झालं. सुनेचं मात्र कंपनीच्या कागदावर नाव होतं, फंड कापला जात होता. तिने दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहून दिला. कारणाच्या जागी "घरगुती अडचण" लिहिलं. मी विचारलं, "पाय दुखतात असं का नाही लिहिलंस?" ती म्हणाली, "आई, सगळे असंच लिहितात." सगळे असंच लिहितात हे खरं आहे. पण मग समोरच्याने तुमचं खरं कारण दूर करायचं कसं?

मॅनेजरला राजीनामा पोचायच्या आधीच सगळं कळलेलं होतं. गाडीचा ड्रायव्हर आमच्याच बाजूचा आहे. तेव्हा मॅनेजर चिडला नाही. चार दिवस काहीच बोलला नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी त्याने तिला केबिनमध्ये बोलावलं, पाणी मागवलं, चहा मागवला. हे सगळं मला सुनेने घरी येऊन सांगितलं, म्हणून मी तिच्या सांगण्यावरूनच लिहिते.

"बेन, आप तो घर की हो. घर छोड के कोई जाता है क्या?"

सुनेने चहाचा कप उचलला.

"उधर कितना दे रहे हैं?"

तिने सांगितलं.

"उतना मैं दूँगा. ऊपर से सीनियर सुपरवायझर. पाँव का प्रॉब्लेम है ना? तो आप केबिन में बैठो. काच में से लाइन दिखती है. टेबल, कुर्सी, पंखा, सब."

त्या दिवशी ती जरा ताठ चालत घरी आली. मुलगा त्या वेळी घरी होता. तो जेसीबी चालवतो, महिन्यातले बरेच दिवस कुठल्या ना कुठल्या साइटवर असतो. त्याचं गणित सरळ.

"पगार तोच, गाडी तीच, ओळखीची कंपनी. नवीन ठिकाणी जाऊन पहिल्यापासून सुरुवात कशाला? राहा."

"आई, तुम्ही सांगा," सून मला म्हणाली.

मला जे वाटलं ते मी सांगितलं. डहाणूच्या फुग्याच्या कारखान्यात रबराच्या चिकात रंग आणि औषधं मिसळणारा एक माणूस होता. आम्ही त्याला मिस्त्री म्हणायचो. त्याला वलसाडकडून बोलावणं आलं. शेठने त्याचा पगार वाढवला आणि ठेवून घेतला. आम्हाला वाटलं, मिस्त्रीने शेठला वाकवलं. पुढच्याच आठवड्यात शेठने आपल्या साल्याचा मुलगा त्याच्या हाताखाली दिला, मदतीला म्हणून. शेठ मिस्त्रीशी कधी वाईट बोलला नाही. पण हा माणूस एकदा जायला निघाला होता, हे तो विसरला नाही, आणि मुलगा शिकून तयार झाला तेव्हा मिस्त्रीला घरी बसवला. त्यानंतरही अशी माणसं मी पाहिली. राहतात, आणि वर्ष-दीड वर्षात कधीतरी जातातच. काही आपणहून जातात, कारण ज्या गोष्टीने वैतागली होती ती तिथेच असते. काहींना मालक घालवतो.

पण सगळ्यांचं असंच होतं असंही मी म्हणणार नाही, आणि तेही मी तिला सांगितलं. माझा धाकटा दीर एका चिकूच्या वाडीवर राखणीला होता. दुसऱ्या वाडीवाल्याने जास्त देऊ केले म्हणून तो मालकाला सांगायला गेला. मालक म्हणाला, अरे, तुझा पगार वाढवायचा राहूनच गेला. त्याने वाढवला, राहायच्या खोलीचं छप्परही नवीन घालून दिलं. दीर तिथेच म्हातारा झाला. त्याला पगाराशिवाय दुसरं दुखणं नव्हतं, आणि ते दुखणं पगाराने गेलं.

"मग माझं?" सुनेने विचारलं.

"तुझं दुखणं काय होतं? पगार?"

"पाय."

"तुझे एकटीचे?"

 ती म्हणाली, "मी आत बसले की हळूहळू त्यांच्यासाठीही बोलेन ना. बाहेर उभी राहून बोलले तर कोण ऐकतो?"

हे तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. असं कुणाकुणाला जमतही असेल. मी एवढंच म्हटलं, "राहायचं तर कागद घे. तोंडी काही नको. आणि बायकांना आजच सांग. नव्या कंपनीलाही सांग."

कागद तिने मागितला. मॅनेजर म्हणाला, लेटर वरून सही होऊन येईल, तोवर बाहेर कुणाशी बोलू नका, नाहीतर बाकीच्या सुपरवायझर भांडायला येतील. त्याचंही बरोबर होतं. एकीला असा पगार वाढवून दिला की दुसऱ्या विचारतातच. पण लेटर यायला महिना लागला. ते आलं एकतीस तारखेच्या संध्याकाळी. पगार लिहिलेला होता, सीनियर सुपरवायझर लिहिलेलं होतं. तिने "मी माझा राजीनामा मागे घेते" असं लिहून सही केली. मग नव्या कंपनीत फोन केला. तिथली मुलगी चिडली नाही, "ठीक आहे मॅडम, आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाली. अशा फोनवर लोक चिडत नाहीत. पुढच्या वेळी फोन उचलत नाहीत.

पाड्यात त्या संध्याकाळी ती गेली नाही. उशीर झाला होता, स्वयंपाक व्हायचा होता, डोकं दुखत होतं. सकाळी फाट्यावर सांगेन म्हणाली.

सकाळी मी भाजी मांडून बसले होते. बायका एकेक करून आल्या. काहींनी नवीन साडी नेसली होती, पहिला दिवस म्हणून. कोपऱ्यावरचीने डब्यात सगळ्यांसाठी पानगी आणली होती. नव्या कंपनीची गाडी आधी आली. पांढरी, नवीनच होती. ड्रायव्हरने नावं विचारली. एकीने सांगितलं, थांब जरा, आमची वहिनी यायची आहे. तेवढ्यात पेनाच्या कंपनीचीही गाडी येऊन मागे उभी राहिली. सून आली ती त्या दुसऱ्या गाडीच्या बाजूने. आत तिच्यासाठी ड्रायव्हरशेजारची जागा ठेवली होती. हे नवीन होतं, आधी ती बायकांमध्येच बसायची.

"वहिनी, इकडे! ती जुनी!" कोपऱ्यावरची ओरडली. मला वाटलं, वहिनी गाडी चुकली असं तिला वाटतंय.

सून जवळ आली. म्हणाली, "मी राहते आहे. त्यांनी सोडलं नाही मला."

"बांधून ठेवलं का?"

"पगार वाढवून दिला. तुमच्यासाठीही बोलणार आहे मी. थोडे दिवस द्या."

 मग कोपऱ्यावरची म्हणाली, "बरं झालं. तुला मिळालं ना?" आणि ती पांढऱ्या गाडीत चढली. तिच्या मागून अजून तिघी चढल्या. चार-पाच जणी जुन्या गाडीत बसल्या, कारण त्यांना दुसरं सुचलं नाही. दोघी घरी परत गेल्या. एक माझ्याजवळ येऊन वांगी घेऊ लागली आणि म्हणाली, "मावशी, तुम्हाला ठाऊक होतं?" मी हो म्हटलं. ती वांगी न घेता गेली.

पुढचं सगळं त्या सकाळीच ठरलं, पण दिसायला वेळ लागला.

कंपनीने फसवलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण लोकांना फसवल्याची गोष्ट आवडते. जे लिहून दिलं ते सगळं दिलं. केबिन मिळाली, पंखा मिळाला, वाढीव पगार पहिल्या महिन्यापासून आला. पाय खरोखर बरे झाले. संध्याकाळी घरी आली की ती आधी खाटेवर पाय वर करून पडायची, ते बंद झालं.

स्टुलांचं ती बोलली. मॅनेजर म्हणाला, "बेन, आपको दिया ना?" दुसऱ्यांदा बोलली तेव्हा तो नुसता हसला. त्याचा अर्थ तिने मला विचारला नाही आणि मीही सांगितला नाही. तिला कळला होता.

मग लावणी आली. उरलेल्या बायका आपापल्या शेतावर गेल्या, एकाच वेळी सगळ्या. सून संध्याकाळी घराघरांत फिरली. तिला चहा दिला, बसायला दिलं, आणि सगळ्यांनी सांगितलं, बघू. कुणाचं शेत कधी ते कुणीच नीट सांगेना. एकीची सासू मला म्हणाली, "तुमच्या सुनेला सांगा, आता ती साहेब झाली, साहेबांना सुटी नसते. आम्हाला असते." मी सुनेला हे सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

तिची लाइन पहिल्यांदाच रिकामी पडली. मॅनेजरने कुणाला दोष दिला नाही. त्याने ठेकेदाराला सांगून दुसऱ्या तालुक्यातून बायका आणल्या आणि त्यांना कंपनीच्या मागच्या चाळीत ठेवलं. त्यांना इथे शेत नाही, त्यामुळे लावणीची सुटी नाही. त्यांच्यातली एक मुलगी चुणचुणीत होती, तिला सुनेच्या हाताखाली दिली. शिकवा म्हणाला. सुनेने शिकवलं, आणि नीट शिकवलं. ती कामात चोर नाही. दिवसाचा माल कसा मांडायचा, खराब रिफिल कशी ओळखायची, गोडाऊनवाल्याशी कसं बोलायचं, सगळं.

मी मॅनेजरच्या जागी असते तर तेच केलं असतं. एका बाईच्या जाण्याने सगळी लाइन जाते, हे त्याला त्या राजीनाम्याने दाखवलं. पगार वाढवून त्याने तिला विकत घेतलं असं लोक म्हणतात. त्याने वेळ विकत घेतला. तेवढ्या वेळात त्याने असं केलं, की पुढच्या वेळी कुणी गेलं तरी काही अडू नये. कुठलाही शहाणा मालक हेच करतो. आपण मात्र त्याला माया समजून बसतो.

दिवाळीनंतर सगळ्यांची पगारवाढ झाली. सुनेची झाली नाही. "आपका तो मई में हो गया," मॅनेजर म्हणाला. हेही चूक नव्हतं. मग ऑर्डर कमी झाली. कमी झाली की मालक बघतो, कारखान्यात सगळ्यांत महाग कोण आहे. तिथे तीच होती. ती मुलगी तेच काम तिच्या निम्म्या पगारात करत होती. कुणी तिला जा म्हटलं नाही. तिला दुसऱ्या युनिटच्या गोडाऊनला टाकलं, सिल्वासाच्या बाजूला. तिकडे आमच्या फाट्यावरून गाडी जात नव्हती.

मुलगा तेव्हा साइटवर होता. फोनवर म्हणाला, "मग स्कूटी घेऊ." सून म्हणाली, "त्या रस्त्यावर ट्रकांमधून रोज मी जाणार? तू एकदा जाऊन बघ." त्याने पुन्हा स्कूटीचं नाव काढलं नाही.

काही दिवस तिने रिक्षा बदलत, कुणाच्या मागे बसत काढले. परत यायला अंधार पडायचा. मग तिने दुसऱ्यांदा राजीनामा दिला. या वेळी पाड्यात कुणाला सांगितलं नाही, मला सांगितलं. कारणाच्या जागी पुन्हा "घरगुती अडचण". सकाळी दिला, दुपारी सही होऊन परत आला. नोटीस पूर्ण करायची गरज नाही, हिशोब करून टाकू, असं मॅनेजर म्हणाला. चहाही पाजला. चहा पाजायला तो कधीच चुकला नाही.

ती घरी आली तेव्हा मी वाल सोलत होते. ती माझ्यासमोर बसली आणि तीही सोलू लागली.

"तुम्ही सांगितलं होतं," ती म्हणाली.

"मी दोन्ही सांगितलं होतं," मी म्हटलं. "तुझ्या काकासासऱ्यांचं पण सांगितलं होतं."

"त्यांच्याबरोबर बायका नव्हत्या."

बरोबर होतं. तिला आता माझ्यापेक्षा नीट समजलं होतं. 

डब्यांच्या कंपनीत तिने फोन केला. ती मुलगी म्हणाली, सुपरवायझरची जागा भरली आहे, काही असलं तर कळवू. कळवणार नव्हते. आणि जागा कुणी भरली ते पाड्यात सगळ्यांना माहीत होतं. पांढऱ्या गाडीत पहिली चढली तीच. तिला गुजराती धड येत नाही, लिहिता जेमतेम येतं, पण बायका तिच्याबरोबर गेल्या होत्या आणि त्यांना तेच हवं होतं. लावणीच्या दिवसांत तिने पाळ्या लावल्या. सून लावायची तशाच.

सून तिच्याकडे जायला तयार नव्हती. दोन महिने घरी बसली. मी काही म्हटलं नाही, मुलगाही नाही. पण घरी बसून राहणारी बाई ती नाही. एका रविवारी तिने आंघोळ केली, केस विंचरले, आणि मी कुठे म्हणून विचारायच्या आत कोपऱ्यावरची स्वतःच आमच्या दारात आली. तिला कुणी सांगितलं मला माहीत नाही. मी तरी सांगितलं नव्हतं.

ती ओट्यावर बसली. पाणी प्यायली.

"वहिनी, येतेस का?"

"सुपरवायझर कुठे हवी आहे तुम्हाला?"

"नाही हवी. चेकिंगला एक हवी. डब्याचं झाकण नीट बसतं का बघायचं. माझ्या हाताखाली."

हे तिने सरळ सांगितलं, डोळ्यांत बघून. मला ते आवडलं. सुनेला आवडलं नाही, पण तिने मान हलवली.

"पगार तू पहिल्या कंपनीत सुरुवातीला घ्यायचीस तेवढाच असेल."

"कळलं."

"आणि एक सांग. मी एचआरला तुझं नाव सांगणार. उद्या तुला दुसरीकडून कुणी बोलावलं, मग यांनी पगार वाढवला, मग तू काय करशील?"

"जायचं असेल तर तुला आधी सांगेन."

"जायचं तू मागच्या वेळीही आधीच सांगितलं होतंस," ती म्हणाली. "राहायचं सांगितलं नाहीस."

 मी आत जाऊन चहा ठेवला, कारण तिथे माझं काही काम नव्हतं.  आधण आलं तेव्हा बाहेरून सुनेचा आवाज आला.

"त्या दिवशी संध्याकाळी माझं डोकं दुखत नव्हतं. तुमच्या घरी यायची मला भीती वाटली."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी दिवा चालू ठेवून बसले होते. ड्रायव्हरने मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, मी बाकीच्यांना बोलले नाही."

"मग सकाळी मला हाक कशाला मारलीस? जुनी गाडी म्हणून?"

"म्हटलं, अजून यायची असलीस तर ये."

मी चहा घेऊन बाहेर आले. कोपऱ्यावरचीने बशीत ओतून प्यायला, कप खाली ठेवला आणि उठली.

"आधार कार्ड आण आणि दोन फोटो. सोमवारी मी तुझ्याबरोबर केबिनमध्ये येईन, पण बोलायचं तू," ती म्हणाली. "आणि पहिल्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर आहे ना? ते विचारतात."

"आहे."

"मग झालं."

सून आता तिथेच आहे. झाकणं बघते. परवा तिला वापीहून फोन आला होता, सुपरवायझरच्या जागेसाठी. तिने मला सांगायच्या आधी कोपऱ्यावरचीच्या घरी जाऊन सांगितलं, आणि मग दोघी बराच वेळ तिथे बसून होत्या. काय ठरलं ते मला अजून कळलेलं नाही. कळलं पाहिजे असंही नाही.